पाकिटातली गोल खूण

“हुं म्हणायचं. हुं थांबला की गोष्ट थांबली.”

सतरंजी अंथरून व्हायची, मुलं तिच्यावर आडवी व्हायची, ट्यूबलाइट बंद करून देवघरातला छोटा दिवा तेवढा राहायचा आणि मग आत्या हे वाक्य म्हणायच्या. कधी हातात लसूण सोलायला घेतलेला असायचा, कधी मेथी. गोष्ट सांगताना त्यांचे हात रिकामे मी पाहिले नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर अंधारातून चार-पाच हुंकार यायचे, मग तीन, मग दोन. माझी मुलगी तिसऱ्या वाक्यालाच गळायची. शेवटचा हुंकार थांबला की आत्या वाक्य जिथे असेल तिथे सोडून उठायच्या आणि स्वतःपुरता कुकर लावायला जायच्या.

टिटवाळ्याच्या बाजूला नवीन इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर होतं. पाळणाघर म्हणजे त्यांचं राहतं घरच. आम्ही बहुतेक आईबाप ठाण्याला नाहीतर त्याच्याही पुढे नोकरीला. घरी पोचेपर्यंत मुलांची जेवणं झालेली असायची, आणि आम्ही झोपलेलं पोर खांद्यावर टाकून वर न्यायचो. सगळे त्यांना आत्या म्हणायचे, पोरंही आणि पोरांचे बापही. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

अशी मायाळू बाई म्हटल्यावर तुम्ही एक चित्र मनात काढलं असेल, तर ते पुसून टाका. आत्या मुलांना जीव लावायच्या, पण मोठ्या माणसांच्या बाबतीत त्या डूख धरायच्या, आणि तो डूख वर्षानुवर्षं जपायच्या, लोणचं जपतात तसा. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने एकदा आतून सडका दुधी दिला होता. त्यानंतर त्या रोज त्याच्याच गाडीसमोर उभं राहून शेजारच्या गाडीवरचा दुधी घ्यायच्या. ज्याच्यावर राग असेल त्याला घरात घ्यायच्या, बसवायच्या, चहाही द्यायच्या, पण त्या चहात साखर नसायची. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पाण्याच्या टँकरवरून त्यांना काहीतरी लागट बोलले होते. पुढे कधीतरी वर्गणीला आले तेव्हा चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “आत्या, साखर विसरलात.” आत्या म्हणाल्या, “मी काही विसरत नाही.”

मी त्यांना एकदा म्हटलं होतं की, जरा मन मोठं करावं माणसाने. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, घर वन आरके, मन कुठून टू बीएचके आणू?”

तर अशा आत्यांनी एके वर्षी पाकिटाची गोष्ट सुरू केली.

त्याआधी त्यांच्या गोष्टीत कोल्हे असायचे, वाघ असायचे, कोकणातली भुतं असायची. त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या निहारचे आजोबा मुलाकडे कायमचे राहायला आले. बायको वारली होती, कल्याणचं जुनं घर एकट्याला खायला उठायचं. उंच, ताठ, मिशीला कलप, मोहन्याकडे कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलेलं. जुन्या ओळखीचे लोक त्यांना अजून साहेब म्हणायचे. निहारची आई नर्स, तिची ड्युटी कधी दिवसा कधी रात्री, वडील फिरतीवर. साहेब संध्याकाळी भजनाला जायचे आणि जाताना नातवाला आत्यांकडे सोडून जायचे. निहार दहा वर्षांचा, चौकस, आजोबांचा लाडका. आबा म्हणजे त्याला देव.

पहिल्या दिवशी साहेब दारात आले तेव्हा मी तिथेच होते. ते म्हणाले, “जरा शिस्तीत ठेवा हं याला. शिस्त म्हणजे शिस्त.” मग त्यांनी मागच्या खिशावर दोनदा थाप मारली, पाकीट आहे ना बघितलं, आणि गेले. आत्या दाराची कडी धरून बराच वेळ उभ्या होत्या. त्या रात्री कोल्ह्याची गोष्ट अर्धीच राहिली आणि पाकिटाची सुरू झाली.

गोष्ट साधी होती. एक मुलगा होता, दहा वर्षांचा. हुं. दिवाळीचे दिवस होते. हुं. पाडव्याच्या सकाळी तो दूध आणायला निघाला आणि नाल्यावरच्या पुलाशी त्याला एक पाकीट पडलेलं दिसलं. चामड्याचं, तपकिरी, वापरून कडा काळ्या झालेलं.

इथे मुलं उठून बसायची. झोपण्यासाठी ही गोष्ट अगदीच बिनकामाची होती, कारण प्रत्येकाला त्या मुलाला सल्ला द्यायचा असायचा. निहार म्हणायचा, आधार कार्ड बघायचं ना, त्यावर पत्ता असतो. आत्या सांगायच्या, तेव्हा आधार कार्ड नव्हतं. मग फोन करायचा. फोन नव्हता. एक पोरगी म्हणाली, ग्रुपवर फोटो टाकायचा.

त्यावर आत्यांनी लसूण बाजूला ठेवला आणि मुलांना रीतसर शिकवणी दिली. आज असं पाकीट सापडलं तर काय करायचं? पहिलं म्हणजे ते एकट्याने उघडायचं नाही. जवळच्या दुकानदाराला हाक मारायची, किंवा वॉचमनला, आणि दोन मोठ्या माणसांसमोर उघडायचं. आत काय काय आहे ते मोठ्याने म्हणायचं, म्हणजे सगळे साक्षीला. नाव-पत्ता मिळाला तर आईबाबांना घेऊन जायचं, एकट्याने नाही. ग्रुपवर लिहायचं असेल तर एवढंच लिहायचं की पाकीट सापडलंय, खूण सांगा आणि घेऊन जा. फोटो टाकायचा नाही. आतलं दाखवलं की दहा मालक उभे राहतात. येईल त्याने रंग सांगायचा, आत काय आहे ते सांगायचं, कार्डावरचं नाव जुळायला हवं. मालक मिळालाच नाही तर पोलीस चौकीत द्यायचं. ते तुमच्यासमोर एकेक वस्तू लिहून घेतात, त्या कागदाची एक प्रत आपण मागून घ्यायची. आणि पाकीट हरवलं त्याने रडत बसायच्या आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं.

“आणि ठेवूनच घेतलं तर?” निहारने विचारलं.

तीही चोरीच, असं आत्या म्हणाल्या. सापडलं म्हणून आपलं होत नाही. मालक शोधता येत असताना जो ठेवून घेतो त्याला पोलीस धरू शकतात.

“पण मग देणाऱ्याला एवढी भीती कशाला, आत्या? तो तर चांगलंच करतोय ना.”

“म्हणूनच,” आत्या म्हणाल्या. “हुं म्हण.”

गोष्टीतल्या मुलाला ही शिकवणी कुणी दिली नव्हती. तो पुलाच्या कठड्यावर बसला आणि एकट्यानेच पाकीट उघडलं, नाव कुणाचं आहे ते बघायला. आत कारखान्याचा फोटो लावलेला पास होता, थोडे पैसे होते, टिटवाळ्याच्या गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी होती. आतल्या चोरकप्प्यात काहीच नव्हतं, पण त्याच्या चामड्यावर एक गोल खूण उमटली होती. बंद्या रुपयाएवढी. वर्षानुवर्षं एखादं नाणं एकाच जागी ठेवलं की उमटते तशी. मुलाने त्या खुणेवरून बोट फिरवलं, पाकीट बंद केलं आणि दुधाची किटली घेऊन धावत साहेबांच्या घरी गेला. वडील त्याच साहेबांच्या हाताखाली कामाला होते. मुलाला वाटलं, बाबांना शाबासकी मिळेल.

साहेबांनी पाकीट घेतलं. पैसे जागेवर होते, पास होता, पुडी होती. मग त्यांनी चोरकप्प्यात बोट घातलं. त्यात त्यांच्या आईने पहिल्या पगाराला दिलेलं चांदीचं नाणं असायचं, लक्ष्मीचा छाप असलेलं. पाकीट कधी रिकामं राहू नये म्हणून. ते नाणं नव्हतं.

मुलाला वाटलं आपण मदत करावी. तो म्हणाला, तिथे गोल खूण होती, नाणं नव्हतं.

यावर गोष्टीतले साहेब जे बोलायचे ते आत्या नेहमी जाड आवाजात म्हणायच्या, आणि काही दिवसांनी सगळी मुलं त्यांच्याबरोबर म्हणायला लागली: “नाणं होतं हे तुला कसं कळलं?”

पुढचं आत्या भराभर सांगायच्या. बापाला बोलावलं, मुलाला धरून त्याच्या चाळीत आणलं. साहेबांसमोर आणि जमलेल्या चाळीसमोर बापाने पोराला कानशिलात लावली, कारण नोकरी टिकवायची होती. खिसे उलटे केले, दप्तर झाडलं, घरातली ट्रंक ओटीवर आणून उपडी केली. नाणं मिळालं नाही, तेव्हा सगळे म्हणाले की पोरगं पक्कं आहे, कुठेतरी पुरलं असणार. शाळेत मुलं त्याला पाकीटमार म्हणून हाक मारू लागली. मास्तरांचा खडू हरवला तरी नजर त्याच्यावर जायची. शेवटी आईने त्याला चिपळूणला मामाकडे धाडलं. तो परत आलाच नाही.

“पण मग नाणं कुठे गेलं?” मुलं विचारायची.

“ते उद्या,” असं आत्या म्हणायच्या, आणि तो उद्या येत नव्हता. दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा पाडव्याच्या सकाळपासून सुरू व्हायची. मुलांना त्याचं काही वाटत नसे. तीच गोष्ट तशीच्या तशी ऐकायला मुलांना आवडतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. एक शब्द बदलला तर ती आपल्याला पकडतात.

आत्या मात्र रोज थोडंसं बदलत होत्या. एके दिवशी साहेबांना मिशी आली. मग मिशीला कलप आला. मग साहेब म्हणू लागले, शिस्त म्हणजे शिस्त. मग एका रात्री साहेबांनी घराबाहेर पडताना मागच्या खिशावर दोनदा थाप मारली.

“आमचे आबापण असंच करतात,” निहार हसून म्हणाला.

“करतात रे बऱ्याच जणांचे आबा,” आत्या म्हणाल्या. “हुं म्हण.”

मी मुलीला उचलायला आले होते. मुलं गेल्यावर मी त्यांना सरळच विचारलं, आणि त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. तो मुलगा त्यांचा धाकटा भाऊ, आणि साहेब म्हणजे निहारचे आबाच; त्यांनी आत्यांना ओळखलं नव्हतं. नाणं चोरीला गेलंच नव्हतं. लक्ष्मीपूजनाला साहेबांनी स्वतःच ते पाकिटातून काढून देव्हाऱ्यात पूजेला ठेवलं होतं, आणि पूजा झाल्यावर परत घ्यायला विसरले. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला त्यांच्या बायकोने देव्हाऱ्यातलं लाल कापड झटकायला उचललं, तेव्हा नाणं घरंगळून खाली पडलं. तिथे भांडी घासायला जाणाऱ्या बाईने हे डोळ्यांनी बघून आत्यांच्या आईला येऊन सांगितलं. आई विचारायला गेली. साहेब म्हणाले, झालं ते झालं, आता वाढवू नका, तुमच्या नवऱ्याला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. आई परत आली. चाळीत कुणाला काही कळलं नाही. भाऊ आता पन्नाशीला आलाय, चिपळूणला दुचाकीचं गॅरेज आहे, पण आजही कुणाचं पडलेलं काही उचलत नाही. बायकोचं मंगळसूत्र तुटून अंगणात पडलं, तर तेही मुलाला हाक मारून उचलायला लावतो. आत्या दर भाऊबीजेला त्याच्याकडे जायच्या. तो मोहन्याला, त्या चाळीकडे, पुन्हा कधीच आला नाही.

“पण निहारने काय केलंय?” मी म्हटलं. “त्याचा जीव आहे आजोबांवर. लहान पोर आहे ते.”

आत्या मेथीची देठं गोळा करत होत्या. “माझा भाऊपण दहाच वर्षांचा होता,” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मी दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून जरा लवकर निघू लागले, कारण पुढे काय होतंय ते मला चुकवायचं नव्हतं.

दिवाळी चार दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. आत्या नाण्यापर्यंत आल्या. नाण्यावर लक्ष्मीचा छाप होता. हुं. आणि लक्ष्मीच्या एका बाजूला छोटीशी खोच होती, साहेबांनी ते हातात पडल्या पडल्या दातांनी चावून बघितलं होतं म्हणून. यावर माझी मुलगी झोपेत काहीतरी पुटपुटली. बाकीच्यांचे हुंकार आले. निहारचा आला नाही. आत्या थांबल्या. तो झोपलेला नव्हता, डोळे सताड उघडे होते. ती खोच दाखवून ही गोष्ट आबांनी त्याला कितीदा सांगितली असेल. आत्यांना ती झडतीच्या दिवसापासून पाठ होती, साहेबांनीच तेव्हा चाळीला खूण म्हणून सांगितली होती.

“गोष्ट थांबली,” आत्या म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांना न्यायला आम्ही तिघं-चौघं आईबाप दारात उभे होतो, आणि साहेब जिन्यावरून खाली आले. मागे निहार होता. रडून त्याचा चेहरा सुजला होता. त्याने रात्री आबांचं पाकीट मागून घेतलं होतं, चोरकप्पा बघितला होता आणि विचारलं होतं, आबा, तुम्ही त्या मुलाला मारायला लावलंत? साहेब संतापले होते. आम्ही सगळे आहोत याचंही भान त्यांना नव्हतं.

ते म्हणाले की पोरांना झोपवायचे पैसे घेता आणि त्यांच्या डोक्यात विष कालवता, हे शोभत नाही. आत्या शांतपणे म्हणाल्या की त्यांनी गोष्टीत कुणाचंच नाव घेतलेलं नाही, कुणालाही विचारावं.

“नाव घ्यायची गरज काय?” साहेब म्हणाले. “मी काय मुद्दाम केलं? ते देव्हाऱ्यात राहिलं हे मला कुठे आठवत होतं? माणसाकडून होते चूक.”

आत्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं त्या ज्या क्षणाची वाट बघत होत्या तो दारात चालत आला होता. त्यांनी आवाज जाड केला नाही. त्यांनी हळूच विचारलं:

“देव्हाऱ्यात होतं हे तुम्हाला कसं कळलं, साहेब? ती गोष्ट मी अजून मुलांना सांगितलीच नाही.”

मुलांना ते वाक्य पाठ होतं, आणि आज ते उलट्या बाजूने आलंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. निहारने आबांचा हात सोडला.

आत्या बाजूला झाल्या. “आत या. बसा,” त्या म्हणाल्या. “शेवट राहिलाय.”

मला वाटलं साहेब तडक निघून जातील. पण नातू आत जाऊन सतरंजीवर बसला होता आणि त्यांच्याकडे बघत होता. ते आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या वयाच्या माणसाला खाली बसायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. आत्यांनी त्यांना चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि साखर मागितली नाही. मग आत्यांनी फोन उचलून एक नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवला. पलीकडून पान्याचा खणखणाट ऐकू येत होता.

“बोल गं ताई.”

“नुसतं ऐक,” आत्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. “हुं म्हणायचं.”

आणि त्यांनी गोष्ट सांगितली, पाडव्याच्या सकाळपासून. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबायच्या, आणि साहेबांचा हुंकार आल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. किटली घेऊन धावला, हुं. बापाने मारलं, हुं. ट्रंक उपडी केली, हुं. लाल कापडाखालून नाणं पडलं. इथे हुंकार यायला फार वेळ लागला. आत्या थांबून राहिल्या. आम्ही आईबाप दारात उभे होतो, मुलं बसली होती, पलीकडचा पाना कधीच बंद झाला होता.

“हुं,” साहेब म्हणाले.

मग ते म्हणाले की त्यांचं चुकलं. ते आत्यांकडे बघून म्हणाले, तर आत्यांनी बोटाने फोन दाखवला. साहेब वाकले आणि फोनला म्हणाले, “माझं चुकलं. तू चोर नव्हतास. मला माहीत होतं.”

मग भावाचा आवाज आला. “ताई, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो.” आणि फोन बंद झाला.

माफ केलं, असं कुणीच म्हणालं नाही. भावाने नाही, आत्यांनी तर नाहीच. उठताना साहेबांनी पाकिटातून ते नाणं काढून आत्यांसमोर धरलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, फेडून टाकता येईल असं वाटलं असेल. आत्यांनी हात मागे घेतले. म्हणाल्या, “आमच्यात कुणी घेतलं नव्हतं ते. आतापण घेणार नाही.”

त्या भाऊबीजेला आत्यांचा भाऊ त्यांच्याकडे आला. मी त्याला बघितलं, आत्यांसारखाच अंगाने बारीक, हाताला ग्रीसचा वास. जेवण झाल्यावर रिक्षा करून दोघं मोहन्याला जाऊन आले. तिथे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या मे महिन्यात आत्यांनी पाळणाघर बंद केलं आणि त्याच्याजवळ राहायला चिपळूणला गेल्या. आम्ही थांबवायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, “इथलं काम झालं माझं.” मुलांना जवळ घेऊन मात्र खूप रडल्या, आणि निहारला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं. त्याच्या पाठीवर हात फिरवताना त्यांना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

तळमजल्यावर आता भाडेकरू आहेत. संध्याकाळी मुलं पार्किंगमधल्या कट्ट्यावर जमतात, आणि निहार लहानांना गोष्ट सांगतो. तीच, पाकिटाची, एकही शब्द न बदलता. साहेबांनी भजनाला जाणं सोडलंय. ते समोरच्या बाकावर एकटे बसलेले असतात. मागच्या खिशावर थाप मारायला हात जातो आणि मध्येच खाली येतो. निहार त्यांच्याशी बोलतो, औषध आणून देतो, पण पूर्वीसारखा त्यांच्या मांडीला टेकून बसत नाही. त्यांची मला दया यायला हवी होती. मी वाट बघितली, आली नाही. मन माझंही वन आरकेच निघालं.

परवा मी कामावरून येत होते. गोष्ट लाल कापडापर्यंत आली होती आणि लहान पोरं पेंगत होती. माझी मुलगी तर केव्हाच झोपली होती. निहारने वाक्य संपवलं आणि थांबला. कुणाचाच हुंकार आला नाही. त्याने समोर बघितलं. अंधारात बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग साहेब म्हणाले, “हुं.”

निहारने पुढे सांगायला सुरुवात केली.